अण्णासाहेब, मृगापासून तुमचं नवं साल



निरोपाचं मी काही लिहिणार नाही. ते सगळं ३१ मेला कचेरीच्या सभागृहात बोलून झालं. तुमच्या पिढीची नावं शाळेत घालताना गुरुजींनी ज्याच्या त्याच्यापुढे १ जून ही जन्मतारीख लिहिली. एक तारखेचा जन्म असला की अठ्ठावन्न वर्षं पुरी होतात ती आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी, म्हणून महाराष्ट्रभरच्या कचेऱ्यांत त्या एका दिवशी घाऊक निवृत्ती होते. एका व्यासपीठावर पाच-पाच माणसं, पाच शाली, पाच नारळ आणि सगळ्यांना मिळून एकच भाषण. धडधाकट माणूस समोर बसलेला असताना वक्ते त्याच्याबद्दल भूतकाळात बोलत होते. ‘अण्णासाहेब कामाचे पक्के होते.’ होते म्हणजे? ३० तारखेला पक्के असलेले अण्णासाहेब १ तारखेला कच्चे झाले काय? मला ते भाषण अजिबात आवडलं नाही. म्हणून ह्या आठवड्याचं सदर तुमच्या नावाने.

तुम्हाला देण्यासाठी मी बोरू, एक दौत, काळी शाई आणि आखीव मोठी वही आणून ठेवली आहे. ग्रॅच्युइटीचं काय करावं, हे सांगायला भरपूर लोक येतील. मला बोलायचंय ते सकाळच्या दोन तासांबद्दल. त्या दोन तासांत तुम्ही मोडी शिका.

२०२३च्या अखेरीला कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हाची तुमची रेकॉर्ड रूम आठवा. लांब टेबलावर रुमाल सोडून ठेवलेले, धुळीने सगळ्यांचे घसे बसलेले आणि मोडी वाचणारा माणूस आज ह्या तालुक्यात तर उद्या त्या तालुक्यात. तो आला की त्याच्या शेजारी खुर्ची टाकून तुम्ही बसायचात. एका नोंदीपाशी तो अडला. अक्षरं सगळी लागली होती, पण ते नाव माणसाचं आडनाव की गावाचं, हे त्याला उमगेना. हातातल्या गावांच्या यादीत ते नव्हतं, नकाशातही नव्हतं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, ‘वाडी आहे ती. धरणात गेली.’ पुढची सगळी ओळ मग त्याने घडाघडा वाचली.

मी तेव्हा तिथे होतो आणि त्याच दिवशी माझ्या मनात हे पक्कं झालं. मोडीच्या वर्गाला जाणाऱ्या हौशी माणसाला अक्षरं येतात, पण कागदात काय असणार हे ठाऊक नसतं. तुमचं नेमकं उलट आहे. फेरफार कसा लिहितात, वारस कोणत्या क्रमाने लावतात, चतुःसीमा कुठून सुरू करतात, बुद्रुक आणि खुर्द यांतलं कुठलं गाव नदीच्या कोणत्या अंगाला, हे सगळं तुमच्या डोक्यात तयार आहे. तुमचं अडतंय ते फक्त लिपीपाशी, आणि तो अडसर काही महिन्यांत दूर होण्यासारखा आहे.

सुरुवात वाचण्यापासून करू नका, लिहिण्यापासून करा. मोडीत आधी शिरोरेषा मारतात. कागदाच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत एक सलग रेघ, आणि मग तिच्याखाली अक्षरं. देवनागरीत आपण शब्द लिहून वर रेघ देतो, तो हात आधी मोडायला लागतो. मोडीत लेखणी शक्यतो उचलायची नसते. म्हणून अक्षरं गोलावतात, काना खालून वळून वर जातो आणि पुढच्या अक्षराला जाऊन भिडतो. हे डोळ्यांनी पाहून कळत नाही. हाताने दोनशे वेळा गिरवलं की समोरच्या कागदावर लिहिणाऱ्याचा हात कुठून कुठे गेला ते दिसायला लागतं, आणि वाचनाची अर्धी लढाई तिथेच संपते.

बाराखडी हाताखालून गेली की गावांची यादी घ्या. तुमच्या तालुक्यातली सगळी गावं तुम्हाला पाठ आहेत, सजाप्रमाणे. रोज दहा-बारा गावं मोडीत लिहायची, प्रत्येकाच्या आधी ‘मौजे’ आणि जिथे लागेल तिथे बुद्रुकची, खुर्दची खूण. गावांची नावं संपली की आडनावं, मग पिकं, मग वारांची आणि महिन्यांची नावं. पाठ्यपुस्तकातले धडे गिरवण्यापेक्षा हे बरं, कारण उद्या कागदात तुम्हाला हेच शब्द भेटणार आहेत. र ह्या अक्षराची सोबतीने बदलणारी सगळी रूपं एका पानावर वेगळी लिहून ठेवा. नवशिक्याला सगळ्यात जास्त फसवतो तो हाच र.

एका बाबतीत मोडी तुम्हाला सुखाची वाटेल. तिच्यात ह्रस्व-दीर्घ नाही. इकाराला एकच वेलांटी, उकाराला एकच उकार. टिप्पणीतल्या शुद्धलेखनावरून वरिष्ठांचं कधी ऐकून घेतलं असेल, तर तो विषय इथे निघतच नाही.

पण जी गोष्ट नाही ती नाहीच. शब्दांत जागा नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. सगळी ओळ एका दमात. ‘पूर्वेसओढापश्चिमेसगावरस्तादक्षिणेसबांध’ असं सलग लिहिलेलं असतं आणि तोडायचं काम वाचणाऱ्याचं. इथेच बहुतेकांची मोडी सुटते. अक्षरओळख झालेली असते, छापील पुस्तक वाचता येत असतं आणि खरा कागद समोर आला की सगळं अंधारतं. माणसाला वाटतं, आपल्याला येतच नाही. खरं कारण वेगळं असतं. तो एकेक अक्षर सुटं उचलतो आणि शेवटी शब्द जुळायची वाट पाहतो. ह्याची खूण सोपी आहे. तिसऱ्या-चौथ्या अक्षरापाशी पुढचा शब्द काय असेल याचा अंदाज मनात येत नसेल, तर तुम्ही अजून अक्षरंच मोजताय असं समजा आणि तिथेच थांबा. ओळ सोडा, आधी कागदाचा सांगाडा शोधा. वर ‘श्री’ आहे का? कोणी कोणाला लिहिलंय? तारीख कुठे आहे? ‘मौजे’ कुठे आलंय? खाली साक्षी किती? पूर्वेस सापडलं की पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस हे तीन शब्द त्या आसपास असणारच, आणि ते सापडले की त्यांच्यामधलं अनोळखी लिखाण आपोआप चार तुकड्यांत पडतं. दस्त वाचायची ही रीत तुम्हाला कोणी शिकवायला नको. आयुष्यभर तुम्ही दस्त असेच वाचलेत. सातबारा हातात आला की तुम्ही पहिल्या ओळीपासून वाचत बसत नव्हता, थेट इतर हक्कांच्या रकान्यात जात होता.

याच कारणाने कागदांचा क्रमही नीट लावा. पुष्कळ जण उत्साहाने शिवकालीन पत्राला हात घालतात आणि महिन्याभरात हात टेकतात. तुम्ही इंग्रजी अमदानीतल्या नोंदवह्यांपासून सुरू करा. जन्ममृत्यूचं जुनं बुक, ज्याला कचेरीत सगळे कोतवाल बुक म्हणतात, ते सगळ्यात चांगलं. तिथे आखलेले रकाने आहेत. कुठे तारीख असणार, कुठे बापाचं नाव, कुठे जात, हे रकानाच सांगतो. एकच हात पानंच्या पानं लिहीत गेलेला असतो, म्हणून एका पानावर न लागलेलं अक्षर तिसऱ्या पानावर लागतं. त्याच्यावर डोळा बसला की पेशवाईतली पत्रं, आणि शिवकाळ सगळ्यात शेवटी. जुन्या लिखाणात ख च्या जागी ष आलेला दिसेल. ‘षंडेराव’ वाचून बिचकू नका, तो आपला खंडेरावच आहे.

आता तारखांचं सांगतो. माझ्या मते मोडीतली खरी मौज इथे आहे आणि खरा घोटाळाही इथेच आहे.

पेशवाईतल्या कागदांवर अनेकदा शुहूर सन असतो, म्हणजे अरबी सन, आणि तोही आकड्यांत न घालता अरबी शब्दांत लिहितात. आधी एकं, मग दहं, मग शेकडा, मग हजार. इहिदे म्हणजे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच, सीत सहा, सबा सात, समान आठ, तिसा नऊ. दशकं म्हणजे अशर, अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. मया म्हणजे शंभर, मयातैन म्हणजे दोनशे, अलफ म्हणजे हजार. एवढं एका पुठ्ठ्यावर लिहून टेबलासमोर टांगा, पाठ करत बसू नका.

एक उदाहरण करून पाहू. कागदावर लिहिलंय ‘इहिदे सितैन मया व अलफ’. एक, साठ, शंभर, हजार, मिळून ११६१. ह्यात ५९९ मिळवले की १७६० येतं. पण इथे थांबायचं नाही. शुहूर सन सुरू होतो सूर्य मृग नक्षत्रात शिरतो त्या दिवशी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमाराला. शेतीच्या सालाशी जुळणारा हा सन, म्हणून त्याला मृगसाल असंही म्हणतात. तेव्हा मृगापासून डिसेंबरअखेर असेल तर ५९९ मिळवायचे, आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत असेल तर ६००. आपला ११६१ हा सन १७६०च्या मृगापासून १७६१च्या मृगापर्यंत चालला. १४ जानेवारी १७६१ला पानिपत झालं ते ह्याच सालात. म्हणून त्या जानेवारीच्या कागदावर सन तोच असला, तरी मिळवणी ६००ची. शकाचंही असंच. पानिपतची तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. शकात एरवी ७८ मिळवतो, पण शक बदलतो चैत्रात, त्यामुळे जानेवारी ते चैत्र एवढ्या शेपटाला ७९ लागतात. १६८२ आणि ७९ मिळून १७६१. दोन्ही वाटांनी एकच साल आलं, की वाचन बरोबर.

चुकतं कुठे? सितैन आणि सबैन यांत. एक साठ, दुसरा सत्तर, आणि घाईच्या हातात मधल्या अक्षराचं वळण जेमतेम वेगळं दिसतं. सलास आणि सलासीनचंही तेच. समजा तुम्ही ‘सलास सितैन मया व अलफ’ असं वाचलं. हा झाला ११६३, म्हणजे १७६२-६३. आणि त्याच कागदात पंडित प्रधान म्हणून नारायणरावाचं नाव आहे. १७६२मध्ये गादीवर माधवराव. नारायणराव पेशवा झाला तो माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ला गेल्यानंतर, आणि ३० ऑगस्ट १७७३ला त्याचा खून झाला. तेव्हा कागद तिथे असूच शकत नाही. पुन्हा पाहा. सितैन नसून सबैन आहे, सन ११७३, आणि तो कागद १७७२च्या अखेरपासून १७७३च्या मृगापर्यंतचा. दहा वर्षांची चूक एका नावाने पकडली. आता हेच जमिनीच्या कागदात घडलं तर आजा आणि नातू यांची अदलाबदल होईल. तुम्हाला हे मी वेगळं सांगायला नको. वारसनोंदीत एक पिढी गळली की पुढची चाळीस वर्षं काय होतं, ते तुम्ही टेबलाच्या त्या बाजूला बसून पाहिलंय.

शिकायचं कुठे? राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे छोटे वर्ग वेळोवेळी घेतं, त्यांची जाहिरात येते तिच्यावर नजर ठेवा. पुण्यात १९१० साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी स्थापलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, तिथेही मोडीचं शिक्षण चालतं. वर्ग जरूर करा. एकट्याने शिकलेल्या माणसाला आपली चूक वर्षभर कळत नाही. एका रांगेत बसून दहा जणांनी एकच ओळ वाचली की कोण कुठे घसरतो ते तिथल्या तिथे उघडं होतं. वर्गात कदाचित तुम्ही वयाने सगळ्यात मोठे असाल. मोडी शिकवणारा पंचविशीतला मुलगा असेल, तर त्याला सर म्हणायचं.

एक सवय मात्र कचेरीतच सोडून या. बोटाला थुंकी लावून पान उलटायचं नाही. जुनी शाई काजळाची, दोनशे वर्षं काळीभोर राहते, पण पाण्याला टिकत नाही. ओलं बोट लागलं की अक्षर गेलं. फाटक्या कागदाला चिकटपट्टी लावायची नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही. त्याने कागद वाचतो असं लोकांना वाटतं, प्रत्यक्षात तो आतल्या आत मरतो आणि सोडवता येत नाही. फोटो काढायचा तर खिडकीपाशी, उजेड बाजूने घेऊन, फ्लॅश न मारता. टिपणं पेन्सिलीने, कारण पेन सांडतं. घरी ठेवायचे कागद धुतलेल्या सुती कापडात बांधायचे, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. रुमाल बांधणाऱ्यांना हे आपल्यापेक्षा जास्त कळत होतं.

दुसरं जरा कडक सांगतो. तुम्ही मोडी वाचायला लागलात ही बातमी तालुक्यात चार दिवसांत पसरेल आणि लोक दारात कागद घेऊन उभे राहतील. त्यातल्या निम्म्यांना वाचन नको असतं, त्यांना हवं असलेलं उत्तर हवं असतं. ‘हा शब्द अमुकच आहे ना?’ असं विचारत येणाऱ्याचा कागद खाली ठेवा. न लागलेल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहा आणि ते तसंच राहू द्या. पोखरून गेलेल्या जागी काय असेल, हे भरून देऊ नका. कोर्टात किंवा कचेरीत द्यायचं लिप्यंतर हे परीक्षा दिलेल्या, मान्यता असलेल्या माणसाचं काम. तोवर तुमच्या सहीने काही बाहेर जाता कामा नये. पैसेही घेऊ नका. पेन्शन आहे, हौस हौस म्हणून राहू द्या.

तुम्ही म्हणाल, अठ्ठावन्नाव्या वर्षी नवी लिपी? तर मग रियासतकार सरदेसायांचं ऐका. गोविंद सखाराम सरदेसाई १८६५चे. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या नोकरीत जन्म घालवला आणि १९२५ला, साठीला, निवृत्त होऊन कामशेतला येऊन राहिले. मराठी रियासतीचं मोठं काम तोवर त्यांच्या नावावर होतं, तेवढ्यावर कोणीही समाधानाने बसला असता. ते बसले नाहीत. पुण्याचं पेशवे दफ्तर उघडून त्यातले निवडक कागद छापायचं काम त्यांच्याकडे आलं, आणि १९३० ते १९३४ ह्या काळात त्यांनी त्याचे ४५ खंड काढले. म्हणजे पासष्टी ते सत्तरीच्या दरम्यान, मोडी रुमालांच्या ढिगात बसून. इंग्रजीतला मराठ्यांचा तीन खंडांचा इतिहास छापून झाला १९४८ला, तेव्हा ते त्र्याऐंशी वर्षांचे होते. १९५७ला पद्मभूषण, १९५९ला गेले. ज्याच्यामुळे आज कोणीही पेशवाईवर लिहू शकतो, ते मुख्य काम त्यांनी पेन्शनीत केलं. तुम्ही ४५ खंड काढावेत असं मी म्हणत नाही. वय हे कारण माझ्यापुढे सांगू नका, एवढंच.

तुमच्यासाठी मी आखलेला बेत त्याहून फार लहान आहे. ८ जूनला वही उघडा. मृग लागतो त्याच सुमाराला, शुहूर सनाप्रमाणे तुमचं नवं सालच. पावसाळ्याचे चार महिने हात बसवण्यात आणि कोतवाल बुकांच्या नकला वाचण्यात. पावसात जुने कागद बाहेर काढायचेच नसतात, दमट हवा त्यांना मानवत नाही. दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की, महिन्यातून एक दिवस पुण्याला जायचं आणि एक दिवस आपल्याच तालुक्यातल्या एखाद्या गावाला. वाड्यांतून, देव्हाऱ्याखालच्या ट्रंकांतून, माळ्यावरच्या डब्यांतून कागद पडून आहेत. मालक अनोळखी माणसाला ते दाखवत नाहीत, जमीन जाईल ह्या भीतीने. तुम्हाला दाखवतील. तीस-पस्तीस वर्षं ज्यांनी तुमच्या टेबलापुढे अर्ज केले, ती माणसं तुम्हाला घरात घेऊन चहा देतील. कागद हलवायचा नाही, फोटो काढून परत करायचा, आणि वाचून झाल्यावर देवनागरीतली एक प्रत त्यांच्या हातात द्यायची. पुढच्या मृगापर्यंत दहा गावांतले दहा कागद असे वाचून झाले, तर तालुक्याच्या इतिहासात आज नसलेलं काहीतरी असेल.

त्या कागदांच्या खालच्या भागाकडे विशेष लक्ष द्या. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी नावापुढे निशाणी केली आहे. पाटलाच्या नावापुढे नांगर. बारीक, चार रेघांचा, पण फाळ, रुमणं, इसाड सगळं ओळखू येतं. बलुतेदारांची निशाणी म्हणजे ज्याचं त्याचं हत्यार. महजराच्या तळाशी अशा निशाण्या ओळीने लागलेल्या असतात आणि अख्खा गाव त्या एका कागदावर येऊन उभा राहिलेला असतो. नोंदवहीत ‘निशाणी डावा अंगठा’ हे तुम्ही हजारदा लिहिलंत. त्याच्या आधी काय होतं, ते आता स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

दोन तास झाले की वही मिटायची, हट्ट करायचा नाही. चष्म्याचा नंबर आधी तपासून घ्या आणि दिवा डावीकडे ठेवा, म्हणजे लिहिताना हाताची सावली पडणार नाही. संध्याकाळ भजनी मंडळाची. तुमचा पखवाज किती वर्षं खोळीत आहे ते वहिनींनी मला सांगितलंय. वरून हेही सांगितलंय की सकाळचे दोन तास तुम्ही माडीवर बसणार असाल, तर त्यांची काही हरकत नाही. त्यांनाही सकाळ मोकळी लागते. त्यांच्या चहाच्या आणि पोथीच्या वेळेत लुडबुड करू नका, घरचं ऑडिट काढू नका आणि डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवू नका. फार तर त्या चिठ्ठ्या मोडीत लिहा, तेवढा सराव होईल.

कचेरीतली एक गोष्ट मात्र तुम्ही पुढे चालू ठेवावी असं मला वाटतं. तुम्ही प्रत्येक संचिकेच्या पहिल्या पानावर आतल्या कागदांची यादी लावत होता, पान क्रमांकासह. दफ्तरखान्यात त्यालाच फेरिस्त म्हणतात. वाचलेल्या प्रत्येक कागदाचं एक पान करा. कागद कुठे आहे, कोणाकडे, लांबीरुंदी, तारीख मूळ शब्दांत आणि मग इसवीत, कोणी कोणाला, गावं कोणती, न लागलेली अक्षरं किती. हौशी माणसं इथेच ढिसाळ असतात. वाचतात छान, पण कागद कुठे पाहिला ते दोन वर्षांनी त्यांना सांगता येत नाही, आणि मग ते वाचन कोणाच्याच कामाला येत नाही.

बोरूची चार टोकं मी कापून ठेवली आहेत, जाड-बारीक दोन्ही. रविवारी घेऊन येतो. सोबत आमच्याकडचा एक कागदही आणीन, पण तो दिवाळीनंतर उघडायचा. आमच्या पणजोबांनी वरच्या शिवारातला एक तुकडा विकला, एवढंच घरात सगळ्यांना माहीत आहे. कोणाला विकला आणि विहिरीचं पाणी ठेवलं की दिलं, यावर दोन चुलत्यांचं आजवर एकमत झालेलं नाही. खाली दोन नांगर काढलेले स्पष्ट दिसतात. कोणता नांगर कोणाचा, आणि उत्तरेच्या सीमेपाशी जो काळा डाग पडलाय त्याच्या आधीचं अक्षर वि आहे की दुसरंच काही, ते तुम्ही वाचा. जे निघेल ते लिहून द्या, आणि लागलं नाही तर प्रश्नचिन्ह घाला.